बत्तीसचा कांदा

पेशीबाईंना बत्तीस दिसले ते एका दुपारी, प्रात्यक्षिकाचे तास संपून प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर. मुळात दिसायला हवे होते सोळा. कांद्याच्या पेशीत सोळाच गुणसूत्रं असतात, हे बाई इतकी वर्षं शिकवत होत्या की झोपेत विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा मोजले. बत्तीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

बाई महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या. ‘पेशीबाई’ हे नाव मुलांनी ठेवलेलं आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना ते मनापासून आवडायचंही, पण आवडतं असं दाखवलं तर मुलं डोक्यावर बसतील म्हणून त्या कपाळाला आठी घालायच्या. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांच्या बरण्यांची रांग असे. प्रत्येक बरणीच्या तोंडावर एकेक कांदा, खाली पाण्यात पांढरी मुळं. सकाळी मुळांची टोकं कापायची, औषधात बुडवून ठेवायची, मग आम्लात मऊ करून लाल रंग पाजायचा, काचेवर ठेवून वरून दुसरी पातळ काच, आणि शेवटी अंगठा.

हा अंगठा बाईंची खासियत. वरच्या काचेवर टिपकागद ठेवून त्या असा दाब द्यायच्या की पेशी पोळीसारखी सपाट पसरायची आणि गुणसूत्रं एकावर एक न चढता सुटी सुटी मोजता यायची. दुसऱ्या महाविद्यालयांतले शिक्षक त्यांच्याकडून काचा मागून न्यायचे. बाई तोंडदेखलं “अहो, त्यात काय एवढं” म्हणायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या.

तर त्या दुपारच्या काचेत बत्तीस होते. ज्या कांद्याचं ते मूळ, तो आधीपासूनच जरा दांडगा होता. स्वयंपाकघरातल्या टोपलीतून बाईंनीच उचलून आणलेला. पात जाड, रुंद, गडद हिरवी. त्याच्याच एका जुळ्या गड्ड्याला त्यांनी कुंडीत लावलं होतं आणि त्याला आता फुलांचा गेंदही आला होता. दांडगी पात आणि दुप्पट गुणसूत्रं! म्हणजे गुणसूत्रांच्या दोन संचांऐवजी चार संच असलेला कांदा, आपोआप तयार झालेला, आणि तो सापडला कुठे, तर त्यांच्या भाजीच्या टोपलीत. दुसरी एक पेशी पाहिली तर तिच्यातही तीस की बत्तीस असे काहीतरी होते. बाकीच्या पेशींतली गुणसूत्रं एकमेकांत गुंतलेली, म्हणून बाईंनी त्या सोडून दिल्या.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं होतं. कधीतरी आपलं म्हणून काही सापडावं, ही इच्छा त्यांनी इतकी आत दडपून ठेवली होती की ती अशी उसळून वर आल्यावर त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि रडूही.

त्यांनी कृषी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञबाईंना फोन केला. “बत्तीस आहेत. मी स्वतः मोजलेत.” शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, शुक्रवारी येते, झाड बघते आणि नोंदीसाठी घेऊन जाते.

फोन ठेवून बाई घरी गेल्या आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ही चूक म्हणायची की नाही, कोण जाणे. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं, त्यामुळे ऐकायला माणसांची कमी नव्हती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. नणंदेचा फोन आला, “वहिनी, कांद्याला तुमचं नाव देणार म्हणे?” दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सूचनाफलकावर कागद लावला: शुक्रवारी छोटासा सत्कार, सर्वांनी उपस्थित राहावे. बाई वरवर रागावल्या. पण कपाटातली निळी साडी काढून इस्त्रीला दिलीच.

गुरुवारी सकाळी त्यांचा तास होता पेशीविभाजनाचा. दरवर्षी मुलांची दाणादाण उडवणारा. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कांदा, सोळा. खाली दोन रकाने, गुणसूत्रं आणि क्रोमॅटिड.

“आधी साधं विभाजन, मायटोसिस. सुरुवातीला, प्रोफेजमध्ये, गुणसूत्रं किती?”

“सोळा!” वर्ग ओरडला.

“आणि क्रोमॅटिड?”

बाईंनी दोन खडू एकत्र धरून मध्ये चिमटीने दाबले. “विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल झालेली असते. हे दोन धागे सख्ख्या बहिणी, मध्ये एका ठिकाणी जोडलेल्या. जोपर्यंत जोडलेल्या आहेत तोपर्यंत गुणसूत्र एक, क्रोमॅटिड दोन. म्हणून सोळा आणि बत्तीस. मेटाफेजमध्ये मधल्या रेषेवर रांग लागते, तेव्हाही सोळा आणि बत्तीस. आता अॅनाफेज.” त्यांनी चिमटी सोडली. “बहिणी सुटल्या. सुटलेली प्रत्येक बहीण आता स्वतंत्र गुणसूत्र. म्हणून पेशीत काही वेळ बत्तीस गुणसूत्रं, आणि धागेही बत्तीसच, प्रत्येक एकटा. मग सोळा एका टोकाला, सोळा दुसऱ्या. पेशी दुभंगली की प्रत्येकीत सोळा.”

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. ती सहसा तोंड उघडायची नाही. त्या दिवशी तिने हात वर केला. “बाई, मग मायोसिसच्या पहिल्या अॅनाफेजला पुस्तकात सोळाच लिहिलेत. तिथेही ओढाताण होतेच ना? तिथे बत्तीस का नाही?”

प्रश्न चांगला होता. बाईंची कळी खुलली. “कारण मायोसिस म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन. तिथे आधी बहिणी सुटत नाहीत, जोडीदार सुटतात. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं, अशा आठ जोड्या. पहिल्या अॅनाफेजला जोडीतला एक इकडे, एक तिकडे, पण प्रत्येकाच्या दोन्ही बहिणी हातात हात घालून. म्हणून पेशीत गुणसूत्रं सोळा, क्रोमॅटिड बत्तीस. नंतर दोन पेशी होतात, प्रत्येकीत आठ गुणसूत्रं आणि सोळा क्रोमॅटिड. दुसऱ्या अॅनाफेजला बहिणी सुटतात, तेव्हा त्या पेशीत सोळा गुणसूत्रं, सोळा धागे. आणि शेवटी चार पेशी, प्रत्येकीत आठ.”

मुलीने लिहून घेतलं. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. “म्हणजे नुसतं कुणी म्हणालं की सोळा दिसले, तर काय चाललंय ते कळणारच नाही?”

“नाहीच कळणार,” बाई ठसक्यात म्हणाल्या. “म्हणून तर मी निम्मे गुण कापते. नुसता गुणसूत्रांचा आकडा देऊन चालत नाही. प्रत्येकाला क्रोमॅटिड किती, ते आधी बघायचं. आकडा नंतर.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि बाई फळ्याकडे बघतच राहिल्या. अॅनाफेजच्या ओळीत, त्यांच्याच अक्षरात, बत्तीस लिहिलेलं होतं. फोनवर त्यांनी बत्तीस सांगितलं होतं. धागे एकेरी की दुहेरी, हे त्यांनी शास्त्रज्ञबाईंना सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

“बाई, बरं वाटत नाहीये का?” मुलीने विचारलं.

“वाटतंय. पुढचं उद्या,” म्हणून बाई तडक प्रयोगशाळेत गेल्या.

काच भिंगाखाली ठेवली, स्पष्ट दिसावं म्हणून वर तेलाचा थेंब सोडला, नजर स्थिर केली. कांदा खरंच चार संचांचा असता तर मोजण्याच्या वेळी, म्हणजे मेटाफेजमध्ये, बत्तीस गुणसूत्रं दुहेरी दिसायला हवी होती, म्हणजे चौसष्ट क्रोमॅटिड. इथे एकही दुहेरी नव्हतं. सगळे एकेरी, मधोमध वाकलेले. नीट बघितल्यावर कळलं की निम्म्यांचे बाक एकीकडे वळलेत आणि निम्म्यांचे दुसरीकडे. सोळा आणि सोळा. एकमेकांपासून दूर निघालेले दोन घोळके, आणि बाईंच्या नावाजलेल्या अंगठ्याने ते दाबून एकाच थरात कालवले होते. पेशी होती अॅनाफेजमधली. कांदा होता साधा.

तरी आशा फार चिवट असते. बाईंनी कुंडीतल्या गेंदातल्या कोवळ्या कळ्या फोडल्या. परागकोशातल्या पेशींमध्ये मायोसिस चाललेलं असतं. चार संच असते तर तिथे सोळा जोड्या किंवा चौघाचौघांचे गट दिसले असते. बाईंना पहिल्याच स्वच्छ पेशीत आठ जोड्या दिसल्या. शेजारच्या पेशीत आठ एका बाजूला, आठ दुसऱ्या. मग त्याच कांद्याचं दुसरं मूळ घेतलं, अंगठा या वेळी हलक्या हाताने ठेवला. मेटाफेज सापडला. सोळा, आणि प्रत्येक दुहेरी.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. लाजही वाटली, पण त्याहून जास्त काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं.

मग त्या उठल्या. शास्त्रज्ञबाईंना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, “बरं झालं आजच बघितलंत. असं आमच्याकडेही होतं.” प्राचार्यांकडे जाऊन बाईंनी सत्काराचा कागद काढायला लावला. प्राचार्य म्हणाले, “अहो, पण हार सांगून ठेवलाय!” बाई म्हणाल्या, “तो तुम्हीच घाला.”

उरला नवरा. तो दुपारी डबा घेऊन आला तेव्हा बाई अजून प्रयोगशाळेतच होत्या.

“साधा कांदा आहे,” त्या म्हणाल्या. “मी चुकले.”

त्याने डबा टेबलावर ठेवला. गल्लीत, दुकानात, बहिणीला, कुणाकुणाला सांगून ठेवलंय, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकलेलं बाईंना दिसलं. पण इतक्या वर्षांत त्याने जे कधीच म्हटलं नव्हतं ते म्हणाला, “बघू तरी मला.”

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं. एक डोळा बारीक करून भिंगाला लावायची सवय त्याला धंद्यामुळे होतीच. बाईंनी मेटाफेजची पेशी समोर आणून दिली. तो श्वास रोखून बघत राहिला.

“अगं, हे किती सुंदर आहे,” तो म्हणाला. “मला वाटायचं डाग बिग दिसत असतील.” मग तो मोजायला लागला, ओठ हलवत, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. “सोळा. पण हे प्रत्येक दोन पदरांचं आहे.”

“हो. ते पदर म्हणजे क्रोमॅटिड. नंतर ते सुटतात आणि प्रत्येक वेगळं गुणसूत्र होतं. मी सुटल्यानंतरचे मोजले आणि न सुटलेले समजले.”

डोळा भिंगालाच. “सोळा दुणे बत्तीस,” तो म्हणाला. “म्हणजे बत्तीस होतेच की. तू जे पाहिलंस ते तिथे होतंच. आज तुला कळलं ते काय आहे, एवढंच.”

त्याने मान वर केली नाही.

“दुसरी आहे का?” त्याने विचारलं. “ती सुटतानाची दाखव.”

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि काच सरकवली.