वैशाख वद्य तृतीयेची तारीख

मुलुंड पूर्वेला मीरा सातार्डेकरचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. त्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. पण आमंत्रणाचा कागद घेऊन लोक भांडुपहूनही तिच्याकडे येत. गावच्या भटजीने लिहून दिलेली मिती, नक्षत्र, मुहूर्त असा कागद तिच्या हातात द्यायचा, आणि इंग्रजीत सुटसुटीत मेसेज घेऊन जायचं. तारीख, वार, घड्याळाची वेळ, पत्ता. मग तो बेंगळुरूच्या सुनेला पाठवा नाहीतर ऑफिसातल्या साहेबाला.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. भटजी 'रविवारी उत्तररात्री तीन' लिहितो तेव्हा पाहुण्यांनी यायचं असतं सोमवारी पहाटे तीनला. हे न कळून एका नव्या दुकानदाराने आख्खं वऱ्हाड एक दिवस आधी हॉलच्या बंद दाराशी उभं केलं होतं. मीरा ही गोष्ट चवीने सांगायची. "माझ्याकडून गेलेली तारीख बावीस वर्षांत चुकली नाही," हे शेवटी असायचंच. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, पण पोहणाऱ्याला ते पाण्याबाहेर असताना कोण सांगणार?

तिची पद्धत पक्की होती. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मिती शोधायची, तारीख काढायची, आणि मग भटजीला फोन करून ती त्याच्याकडून वदवून घ्यायची. फोन झाल्याशिवाय मेसेज पाठवायचा नाही.

जानेवारीच्या शेवटी रुक्मिणी घाडी कागद घेऊन आली. नवरा राजाराम मागच्या मे महिन्यात गेला. एकुलता एक मुलगा देवेश मालवाहू जहाजावर, तेव्हा भर समुद्रात. अग्नी दिला पुतण्याने, सीतारामने. देवेशला बातमी कळली तेव्हा राख थंड झाली होती. त्या दिवसापासून रुक्मिणीने एकच धरून ठेवलं होतं, वर्षश्राद्ध तरी मुलाच्या हातून व्हावं.

"मीरा, ह्या इंग्रजीत करून थेट देवेशाक धाड गो," ती म्हणाली. "ताच्या कंपनीक दाखवूचा आसा. तेंका वैशाख खय कळता?"

खरंच होतं ते. जहाजावरच्या माणसाला मनात आलं म्हणून उतरता येत नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस चढवावा लागतो, आणि ते दोन-तीन महिने आधी ठरतं. कागदावर होतं, 'शके १९४८, पराभवनाम संवत्सर, वैशाख वद्य तृतीया, विधी अपराण्हकाळी, १.३५ नंतर'.

नेमका त्या दिवशी दुकानाला रंग चालू होता. कॅलेंडर खाली, त्यावर डबे. काउंटरवर भरतीचे फॉर्म भरणाऱ्या पोरांची झुंबड. मीराने फोनमधलं पंचांग उघडलं. हिंदीतलं ॲप, वर्षभर अडीअडचणीला वापरलेलं आणि कधी दगा न दिलेलं. वैशाख, कृष्ण, तृतीया. पाच एप्रिल, रविवार. तिने लिहिलं, पाच एप्रिल, दुपारी एक पस्तीस, कृपया एकपर्यंत पोचावे. देवेशला पाठवलं. भटजीला फोन उद्या करू म्हणाली, आणि तो उद्या फॉर्मांत गेला.

"धाडलंस?" रुक्मिणीने विचारलं.

"धाडलं, काकी."

दोन दिवसांनी देवेशचा मेसेज आला. 'मीराताई, बाबा मेच्या मध्यावर गेले ना? मग एप्रिल कसा?'

इथे सगळं सावरलं असतं. बाईने फक्त उठून डबे बाजूला करायचे होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने लिहिलं, 'तिथी दरवर्षी सरकते रे. त्यात यंदा अधिक महिना. इंग्रजी तारखेवर जाऊ नको, माझ्यावर सोड.' त्याने अंगठा पाठवला आणि कंपनीला तारीख कळवली.

तीन एप्रिलला देवेश आला. संध्याकाळी सामानाच्या यादीसाठी भटजींना फोन केला, तर ते म्हणाले, "अरे, इतक्यात यादी कशाला? महिना आहे अजून. चार मे, सोमवार."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवेश आणि रुक्मिणी दुकानात उभे होते. मीराने कॅलेंडर काढलं. आता ते भिंतीवर होतं. चार मेच्या चौकोनात वैशाख वद्य तृतीया, आणि पाच एप्रिलला चैत्र वद्य तृतीया. तिने ॲप उघडलं. तिथे पाच एप्रिललाच वैशाख. मग तिच्या लक्षात आलं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच. वद्य लागला की त्यांचा महिना पुढे जातो, आपला तोच राहतो. आपला चैत्र वद्य, त्यांचा वैशाख कृष्ण. वर्षभर ॲपने दगा दिला नव्हता, कारण वर्षभर तिने त्यात पाहिली ती सगळी कार्यं शुद्ध पक्षातली होती. आणि हा फरक तिला ठाऊक होता. दुसऱ्यांना ती तो शिकवायची.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

"मला वीसला जॉइन व्हायचंय," देवेश म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आता पुढची रजा थेट ऑक्टोबरात. मी विचारलं होतं ना तुम्हाला? विचारलं होतं."

त्याने कंपनीला तीन फोन केले. बदली माणूस नाही, उत्तर एकच. भटजींनी वाट दाखवली. घरात लग्नकार्य असलं तर काही लोक वर्षश्राद्ध अलीकडे ओढून घेतात, तुमची अडचण आहे, हवं तर करू. देवेश तयार झाला. रुक्मिणी नाही झाली.

"वर्ष भरूक होया," ती म्हणाली. "तुझ्या रजेन बापूस मरूक नाय."

मग त्या घरात मायलेक पंधरा दिवस एकमेकांशी जेवणापुरतं बोलले. मीरा एकदा गेली, तर रुक्मिणीने दारातच तिला पाणी दिलं. शिव्या नाहीत, काही नाही. "असा कसा झाला गो?" एवढंच विचारलं. मीरा घरी येऊन रडली, पण रडण्याने तारीख बदलत नाही, आणि जहाजही थांबत नाही. अठराला देवेश विमानतळावर गेला.

चार मेला मीराने दुकान उघडलं. घाड्यांकडे जायचं धाडस नव्हतं. तिथे सीताराम पाटावर बसणार होता, मागच्या वर्षीसारखाच. सकाळी अकराला फोन वाजला. देवेशचा मेसेज होता.

'आज ना, मीराताई? आम्ही ब्राझीलजवळ आहोत. जहाजाचं घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे. विधी सुरू होईल तेव्हा इथे किती वाजतील? तेवढा वेळ तरी उभा राहतो. रेंज जाते-येते, लवकर सांगा.'

त्याच्या फोनला हा हिशेब एका क्षणात आला असता. तरी त्याने तिलाच विचारलं होतं. मीराने कागद घेतला. एक पस्तीसमधून साडेआठ तास वजा. पाच वाजून पाच मिनिटं, पहाटे. तारीख तीच, चार मे, सोमवार. तिने पुन्हा केलं, मग बोटांवर मोजलं. भटजींना फोन लावून वेळ वदवून घेतली, एक पस्तीसच. काउंटरवर माणसं खोळंबली होती, त्यांना तिने थांबा म्हटलं. पंधरा मिनिटं गेली. मग मेसेज पाठवला.

एक टिक आली. पोचल्याची दुसरी नाही.

ती फोन समोर ठेवून बसली. बारा वाजले, एक वाजला. एक पस्तीसला तिने शटर अर्धं खाली ओढलं आणि आत उभी राहिली. मेसेजवर एकच टिक होती. दुसरी आली मंगळवारी दुपारी.