डायोडचं तोंड

आमच्या तंत्रशाळेत त्यांना सगळे ‘आकृती सर’ म्हणत. फळ्यावर फूटपट्टी न लावता सर्किट काढायचे आणि वर म्हणायचे, आकृती नीट असली की बोलायची गरज नाही. मी त्यांच्याच स्टाफरूममध्ये बसायचो. माणूस मनाने चांगला, पण स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश.

सहामाहीचा पेपर त्यांनीच काढला होता. छापून आला तेव्हा एका प्रश्नातलं डायोडचं सर्किट गायब होतं आणि पर्यायांतल्या लहरींची चित्रंही. उरलं होतं एवढंच: ‘वरील सर्किटचे आउटपुट कसे दिसेल?’ मुलं कुजबुजू लागली. सरांनी हात हलवून सांगितलं, साइन वेव्ह, म्हणजे वर-खाली होणारी लहर, आत येते, मध्ये एक डायोड, पुढे लोडचा रेझिस्टर, आउटपुट शब्दांत लिहा.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. दिवसा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करून संध्याकाळी शिकायला येणारी.

“सर, डायोडची पट्टी कुठल्या बाजूला आहे?” डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो आणि त्याचं तोंड कुठे ते त्या पट्टीवरून कळतं.

“नेहमीसारखी. एवढंही कळत नाही? बस खाली.”

वर्ग हसला. ती बसली आणि तिने दोन्ही उत्तरं लिहिली: पट्टी लोडकडे असेल तर लोडवर फक्त वरचे अर्धे भाग येतील, खालच्यांच्या जागी शून्य, पट्टी सप्लायकडे असेल तर फक्त खालचे अर्धे येतील, वरच्यांच्या जागी शून्य. सरांनी पेपर तपासताना ‘एकच उत्तर अपेक्षित’ असा लाल शेरा मारून शून्य दिलं. तेवढ्या एका प्रश्नाने ती नापास झाली आणि दुकानाच्या मालकाने, नापास झालीस तर शिक्षण बंद, असं आधीच बजावलेलं.

मग कुणीतरी मूळ आकृती मागितली, म्हणून सरांनी कपाटातून कागद काढला. मी शेजारीच होतो. कागदावर पट्टी सप्लायकडे होती. मुलं डोळे झाकून उत्तर लिहितात म्हणून त्यांनी मुद्दामच डायोड उलटा काढला होता आणि स्वतःच विसरले होते. ‘नेहमीसारखी’ म्हणून त्यांनी अख्ख्या वर्गाला वरचे भाग लिहायला लावले, आणि जिच्या पेपरात बरोबर उत्तर होतं तिलाच शून्य दिलं. सरांचा चेहरा पडला. ते मला म्हणाले, “मला तोंड दाखवायला जागा नाही.” खरं तर ते बरोबरच बोलत होते.

तो प्रश्न रद्द करून सगळ्यांना त्याचे गुण दिले गेले, ती पास झाली. सरांनी भर वर्गात तिची माफी मागितली, मान खाली घालून, अडखळत. तीही खाली बघत ऐकत राहिली.

त्यानंतर प्रत्येक तासाला ते तिच्या बाकापाशी थांबून विचारतात, काही शंका आहे का? ती उभी राहून म्हणते, “नाही सर, कळलं.” तिला कळलेलं नसतं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून दिसतं, आणि ते फळ्याकडे वळतात.