अडतिसाव्या मिनिटानंतर

भिवपुरीला घराच्या माडीवर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे टेबल, लॅपटॉप आणि खिडकीतून दिसणारी खाचरं. आम्ही पाचजणं मिळून वाड्यावाड्यांवरच्या शाळांसाठी एक अ‍ॅप करत होतो. प्रमुख पुण्यात, दोघं जर्मनीत, मी इथं, आणि पाचवी, मूळची इकडचीच, खालापूरची, लग्नानंतर कॅनडाच्या पश्चिम टोकाला गेलेली. मला ताई म्हणायची. आमची बैठक संध्याकाळी पाचला, तेव्हा तिच्याकडे पहाटेचे साडेचार, आणि घरात तान्हं बाळ. म्हणून ती बैठकीला नसायची.

बैठक रेकॉर्ड व्हायची आणि जो हजर नसेल त्याला पाठवायला तिचं टिपण मी लिहायचे. वर निर्णय, प्रत्येकापुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट. खाली गैरहजर माणसाचं नाव आणि त्याच्यासाठीचे प्रश्न, उत्तर कधीपर्यंत हवं, आणि तोवर काम थांबेल की पुढे जाईल. वेळ लिहिताना कुणाच्या घड्याळातली तेही लिहायचे. बाकी कशात नसेल, पण या टिपणांत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, असं मला वाटायचं. घमेंडच म्हणा ना.

अ‍ॅपचा एक भाग तिने एकटीने उभा केला होता. रेंज नसली तरी धडे उघडायचे, मुलांची उत्तरं फोनमध्येच साठायची आणि रेंज आली की आपोआप वर जायची. दोन वर्षं ती त्याच्यात बुडाली होती. त्या दिवशी बैठकीत विषय निघाला की हा भाग सांभाळणं जड जातंय. जर्मनीतला एकजण म्हणाला, "मग काढूनच टाकूया." पुण्याचे प्रमुख "हं, काढूया" म्हणाले, आणि आमच्याकडची वीज गेली. विजेचं केंद्र उशाशी आणि घरात अंधार, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. राउटर बंद, मोबाईलला एकच दांडी. मी बैठकीतून बाहेर फेकले गेले.

वीज आली तेव्हा रेकॉर्डिंग येऊन पडलं होतं. पोशीरला चुलत बहिणीच्या मुलीची हळद होती, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी अडतिसाव्या मिनिटापर्यंत ऐकलं. पुढची तीन मिनिटं राहिली होती. शेवटी निरोपाचंच बोलणं असतं, असं म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहून टाकलं. निर्णय: रेंजविना चालणारा भाग काढायचा, मिनिट अडतीस. आणि तिच्या नावाखाली एकच प्रश्न: या भागाचं काम आवरून कधी देशील? तुझ्याकडच्या शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.

तिचं उत्तर सकाळी होतं. "ठीक आहे ताई. शुक्रवारपर्यंत आवरून देते." एवढंच. एरवी ती टिपणाला चार ओळींनी तरी उत्तर द्यायची.

पुढच्या आठवड्यात प्रमुखांनी मला फोन केला. "काय म्हणाली ती? तिचं मत काय आलं?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"अगं, मी शेवटी सांगितलं होतं ना, तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून."

फोन कानाला लावूनच मी रेकॉर्डिंग उघडलं. चाळिसाव्या मिनिटाला त्यांचा आवाज स्वच्छ होता: "पण हा निर्णय नाही हां. तिला विचारा, ती नको म्हणाली तर राहू दे."

तेव्हाच सांगायचं होतं. 'माझ्याकडून चुकलं', दोन शब्दांचं काम. पण इतक्या वर्षांत माझ्या टिपणात कुणी चूक काढली नव्हती. मी म्हटलं, "तिची काही हरकत नाही."

भाग काढला. ठाकूरवाडीच्या वरच्या वाडीतल्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला, "ओ ताई, शाळेत कायच उघडत नाय आता. आमी पोरांना घेऊन टेकाडावर जाताव." मी त्यांना म्हटलं, कळवते. कळवलं नाही. कळवलं असतं तर पुन्हा ती बैठक उघडावी लागली असती.

दोन महिन्यांनी तिने काम सोडलं. बाळाचं कारण सांगितलं. आपल्याला न विचारता आपलं काम मोडणाऱ्यांत तिला राहायचं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि तिला विचारायचं ठरूनही विचारलं गेलंच नाही, हे फक्त मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी तिने मला वेगळा निरोप पाठवला. "ताई, मी एकही रेकॉर्डिंग कधी ऐकलं नाही. तुमचं टिपण असलं की गरजच वाटली नाही."

मी तिला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.