खरं निघालेलं पत्र

आमचा पोरगा लातूरहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आला आणि नांदेडात मोबाइलच्या दुकानात चिकटला. घरात आम्ही दोघंच. हे गेल्यापासून माझं बोलणं म्हणजे त्याच्याशीच, तेही तो जेवायला बसला की तेवढंच. बाकी दिवसभर भिंतींशी बोला.

मागल्या वर्षी त्याच्या व्हॉट्सअॅपवर पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं नेमणूक-पत्र आलं. वर कंपनीचं चिन्ह, खाली गोल शिक्का, पगार असा की वाचूनच घाम फुटावा. पठ्ठ्यानं गल्लीत पेढे वाटूनही टाकले! मी शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेली बाई, कागद दिसला की आधी खोट शोधते. म्हटलं, "मुलाखत कधी झाली रे तुझी?"

"फोनवर झाली की. पाच मिन्टं."

"आन् हे काय, लॅपटॉपचं डिपॉझिट?"

"परत देणार हायेत ते, पहिल्या पगारात."

नोकरी देणारा पगार देतो बाबा, पैसे मागत नाही. त्यातून खातं कुण्या माणसाच्या नावावर, कंपनीच्या नव्हे. ईमेलचा पत्ता तर कुणीही फुकट उघडावा तसला. पत्रातल्या नंबरावर मी फोन केलाच नाही, तिथं चोरच उचलणार. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून काढली आणि तिथल्या नंबरावर विचारलं. फोनवरची बाई म्हणाली, असं पत्र आम्ही काढलेलं नाही, असा माणूसही आमच्याकडे नाही, पोलिसांना कळवा. सायबर पोलिसांत तक्रार दिली. पैसे वाचले.

पण पोरगा म्हणाला, "मी जाऊच नये असं वाटतंय तुला. म्हणून हात धुऊन मागं लागलीस."

माझं डोकंच फिरलं. ताट पुढ्यात आदळलं आणि म्हणाले, "जा की मग, दे पैसे!" त्यानं दिले नाहीत, पण त्या दिवसापासून घरात बोलणंही उरलं नाही. पेढे खाल्लेले लोक रस्त्यात विचारायचे, कधी रुजू होणार? तो मान खाली घालून दुकानात जायचा, तसाच परत यायचा. मी उगाच टीव्ही लावून ठेवायची, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

मग यंदा एका दुपारी त्यानं मला आणखी एक पत्र पाठवलं, पुण्याच्याच दुसऱ्या कंपनीचं, ईमेलच्या फोटोसकट. खाली लिहिलेलं, 'घे, अजून एक फेक.' शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता.

चष्मा लावून बसले. पैशाचं नाव नाही. ईमेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटचाच, अक्षर न् अक्षर जुळवलं. पगार बेताचा. ह्या कंपनीनं त्याच्या दोन मुलाखती व्हिडिओवर घेतल्या होत्या, दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत श्वास रोखून बसले होते. पुढं बरेच दिवस काही कळलं नाही, तेव्हा हेही चोरच असा त्यानं निकाल लावून टाकला.

वेबसाइटवरच्या नंबरावर फोन लावला. पत्रावरचा क्रमांक सांगितला. पलीकडचा म्हणाला, "हो, पत्र आमचंच आहे. बाकीचं मात्र उमेदवारालाच सांगता येईल. त्यांना फोन करायला सांगा."

फोन ठेवला आणि कॅलेंडरात शुक्रवार बघितला. शुक्रवार नुसता जाऊ द्यायचा होता. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, तो स्वतःच फेक म्हणत होता. पोरगा इथंच राहिला असता, रोज जेवायला घरी आला असता. खरं सांगते, त्या दुपारी मला ते पत्र खोटं निघायला हवं होतं.

संध्याकाळी तो आला. भाकरी वाढता वाढता म्हणाले, "ते खरं हाय."

त्यानं मान वर केली. "नक्की?"

"माझ्यावर इश्वास ठेवू नको. वेबसाइटवरचा नंबर काढ आन् सकाळी तूच विचार."

सकाळी त्यानं विचारलं. फोन ठेवून म्हणाला, "आई, तू सांगितलं नसतंस तर मी गेलो नसतो."

"माहीत हाय मला," मी म्हणाले आणि आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

तो पुण्याला गेला. पहिल्या दिवशी गेटवरून फोन आला, "आई, यादीत नाव हाय माझं! आत सोडलं!" मी म्हणाले, "बरं झालं बाळा, जेवण वेळेवर कर." फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. शेजारीण धावत आली. म्हणाली, "आनंदाचे अश्रू असतील हो." मी हो म्हणाले.