दिवेलागणीची शेरडं

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला होता. दिवसभर ते बरे असायचे. ऊन उतरून भिंतीवर सावल्या लांबल्या की त्यांच्या येरझारा सुरू व्हायच्या. "शेरडं रानात ऱ्हायली," म्हणत ते दाराची कडी काढायचे. शेरडं विकून कैक वर्षं झाली होती. पण घराला लागून ऊस, आणि आमच्या पिंपरी पेंढारच्या उसात बिबट्या असतोच.

मी मुळात तापट. एका संध्याकाळी दार अडवून ओरडलो, "बाहेर बिबट्या हाय! फाडून खाईल!" लहान पोरांना घालतो तशी भीती बापाला घातली. ते घाबरले, पण मलाच ढकलून निघाले. बिबट्या आलाय म्हटल्यावर शेरडं आणायलाच हवी होती ना!

बायकोनं मला बाजूला केलं, त्यांचा हात धरून त्यांना आत आणून बसवलं. घरातले सगळे दिवे लावले, टीव्ही बंद केला आणि त्यांच्यासमोर बसून हळू विचारलं, "आबा, शेरडांची काळजी वाटतीय व्हय? लाडकी कोणती व्हती?"

ते कपाळावर चांद असलेल्या शेळीबद्दल सांगत बसले. चहा प्याले.

मग माझ्याकडे बघत त्यांनी तिला कुजबुजत विचारलं, "त्यो दारातला माणूस अजून गेला न्हाई का गं?"