घोडी उधळली त्या दिवसाची चॅट

कल्पनाताई देवासला ट्रान्सपोर्टच्या हापिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करायची. तोंडाची फाटकी, हाताची चोख. ड्रायव्हर लोक तिला 'दीदी' म्हणत आणि तिच्या शिव्या निमूट खात. नवरा कन्नौदला मास्तर, रविवारी यायचा. बाकी सहा दिवस, पोरगी सोडली तर, तिचं गणगोत म्हणजे हापिसातला कॉम्प्युटर. धाकटा भाऊ योगेंद्र बंगलोरला नोकरीवर होता. काम करता करता दोघं बहीणभाऊ मेलवर चॅट करत बसत. मी तिच्या शेजारी राहणारा, कारखान्यात फिटर, तिचा 'भिया', म्हणजे मानलेला भाऊ. माझ्या स्कूटरवर मागं बसून ती रोज कामाला जायची, म्हणून मला ठाऊक.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात योगेंद्र सुट्टीवर आला आणि सोनकच्छच्या अलीकडं ट्रकखाली गेला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. बायको वेदिका, धारची, कृष्णाजी मास्तरांची मुलगी. योगेंद्रच्या बापानं, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या अण्णांनी, पोराची हाडं गोळा केली आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला बोलावून सांगितलं, "तू आता इथंच राहायचं. आमच्या घरची इज्जत आहेस तू." इज्जतीनं लगेच उठून कणीक मळली.

दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर पिंड मांडला. ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, चोची साफ करत. आमच्याकडं अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं ते ओळखून जवळच्यानं मोठ्यानं कबूल करायचं असतं. अण्णांनी हात जोडले. "तुझ्या आईला सांभाळीन. त्या ट्रकवाल्याचं लायसन रद्द करायला लावीन. चिऊला शिकवीन." चिऊ म्हणजे कल्पनाताईची पोरगी. कावळे ढिम्म.

मग अण्णा म्हणाले, "वेदिकाला जन्मभर ह्याच घरात ठेवीन."

एक कावळा उडाला आणि नदीपार गेला.

घाटावर बायका येत नाहीत, पण कल्पनाताई आली होती, लिंबाखाली उभी. तिनं माझी बाही ओढली. "भिया, तो मला एकदा काहीतरी बोलला होता. वेदिकाबद्दल. मी मेलो तर असं करा म्हणून. मी म्हटलं, तोंड आवर, आणि विषय बदलला. काय बोलला ते आठवत नाही रे!"

"कुठं बोलला?"

"चॅटवर. चल, स्कूटर काढ."

मी गुरुजींना म्हटलं, थोडं थांबा. गुरुजी म्हणाले, "थांबतो, पण मला दुपारी दुसरीकडं वास्तू आहे."

बसस्टँडपाशी सायबर कॅफे होता. पंखा गरम हवा फेकत होता. ताईनं मेल उघडला, डाव्या बाजूला 'चॅट'वर दाबलं. खाली यादी आली. एकेका ओळीत एकेक दिवसाचं बोलणं, आणि सगळ्यांना नाव एकच: 'योगेंद्रशी चॅट'. बाजूला पुसट अक्षरात एखादी ओळ. 'जेवलीस का'. 'हो'. 'साहेब आले, थांब'. ती खाली गेली, मग मागच्या पानावर, मग त्याच्याही मागच्या पानावर. तेच नाव, तेच 'जेवलीस का'.

"ऐसे तो शाम हो जाएगी दीदी," कॅफेवाला म्हणाला. "ऊपर सर्च में शब्द डालो. वो नाम नहीं, अंदर का लिखा ढूँढता है."

ताईनं 'वेदिका' टाकलं. सहा चॅट आल्या. सहाही उघडल्या. सगळीकडं ताईचंच बोलणं, 'वेदिकाला साडी आवडली का', 'वेदिका कशी आहे'. योगेंद्रचं उत्तर, 'बरी आहे ती'. त्यात हवं ते काहीच नाही.

"हा काय शहाणा," ताई दात खाऊन म्हणाली. "बंगलोरला जाऊन बायकोचं नाव घ्यायला लाजतो." त्यांच्या घरी नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. अण्णांनी आईला उभ्या जन्मात 'अहो ऐकलं का' पलीकडं काही म्हटलेलं नाही. पोरगं कीबोर्डवरही तेच पाळत होतं.

मग तिनं 'मेलो' टाकलं. हे तर दर चॅटीत. साहेबानं काम दिलं, मेलो. उकडतंय, मेलो. पानंच्या पानं भरली. तिनं टेबलावर कपाळ टेकलं. घाटावर बाप उन्हात उभा, आणि इथं भावाचं शेकडो वेळा मेलेलं बघायचं.

मी म्हटलं, "ताई, तो काय बोलला ते सोड. त्या दिवशी तू काय बोललीस?"

तिनं डोकं वर केलं. "त्या दिवशी... लग्नसराई होती. वरातीला घोडी देणाऱ्या फत्तेसिंगची घोडी उधळली होती, नवरदेवाला घेऊन मंडईत शिरली. मीच त्याला सांगत होते. विषय बदलायला तेच सांगितलं."

तिनं 'घोडी' टाकलं. दोनच आल्या. नावं तीच, 'योगेंद्रशी चॅट'. पहिलीत घोडी होती ती कुणाच्या तरी लेकराच्या खेळण्यातली. दुसरी उघडली.

योगेंद्रच्या ऑफिसातला कुणी मित्र त्या आठवड्यात वारला होता. योगेंद्रनं लिहिलं होतं, मित्राच्या बायकोला सासऱ्यांनी कोपऱ्यात बसवलंय. मग, 'मला काही झालं तर हिला आपल्या घरी ठेवू नका. हिचं दुसरं लग्न लावा. अण्णा ऐकणार नाहीत, तू सांग. अण्णांच्या पोळ्या लाटायला नाही आणली मी हिला.'

खाली ताईचं: 'अभद्र बोलू नको. ऐक, आज घोडी उधळली'. त्याचं: 'हा हा. मग?'

ताईनं तो 'हा हा' बराच वेळ बघितला. मग प्रिंट काढली.

घाटावर परतलो तेव्हा गुरुजी पिशवी भरत होते. ताई वाळूत उतरली, अण्णांच्या पुढं कागद धरला. अण्णांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"म्हणा अण्णा," ती म्हणाली. "वेदिकाचं दुसरं लग्न लावीन, म्हणा."

"हे यंत्रातलं. कुणीही लिहील."

"मला लिहिलंय त्यानं! माझ्या समोर!"

"चारचौघांत तमाशा करू नको, कल्पे."

मग तीच पिंडाकडं तोंड करून ओरडली, "योग्या, लावते रे लग्न तिचं, मी लावते!" कावळा आला की नाही ते बघायला कुणी थांबलंच नाही. अण्णांनी गुरुजींना खूण केली. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "शिवला."

ताईनं शब्द राखायचा प्रयत्न केला. कागद घेऊन धारला कृष्णाजी मास्तरांकडं गेली. मास्तरांनी चहा दिला, कागद वाचून टेबलावर उपडा ठेवला. "आमची धाकटी अजून उजवायची आहे, ताई. थोरलीचं दुसऱ्यांदा लावलं, तर तिला कोण घेईल?"

तिथून आली ती सरळ अण्णांच्या स्वयंपाकघरात. वेदिका तव्यापाशी होती. ताईनं तिला कागद वाचून दाखवला, एकेक ओळ. वेदिका ऐकत होती, पोळी उलटत होती. शेवटी म्हणाली, "हे केव्हाचं?"

"मागच्या लग्नसराईतलं."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

ताईला वाटलं पोरगी रडेल, उठेल, पदर खोचून निघेल. "बोल, आत्ता चल माझ्यासंगं. चिऊच्या खोलीत राहा. पुढचं मी बघते. अण्णांच्या तोंडावर सांगते..."

बाहेरच्या खोलीत अण्णांची खाट करकरली. वेदिकानं पटकन् गॅस बारीक केला.

"ताई, हळू बोला," ती म्हणाली. "त्यांचं जेवण व्हायचंय."