टी-सेक्शनमधलं भोक

भंडाऱ्याच्या तंत्रनिकेतनात मोहाडीहून येणारी एक मुलगी गणितं नेहमी माझ्याआधी सोडवायची आणि मी आतून जळायचो. एकदा सरांनी टी-सेक्शन, म्हणजे एक आडवी आणि एक उभी पट्टी मिळून होणारा T आकाराचा छेद, दिला; त्याच्या उभ्या पट्टीत गोल भोक होतं. सेंट्रॉइड, म्हणजे आकाराचा मध्यबिंदू, दोघांचा सारखाच आला, पण तिचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे तो छेद वाकायला किती विरोध करतो याचं माप, माझ्यापेक्षा कमी निघाला. मी आनंदानं उठलो. "सर, हिचं चुकलं!"

तिनं माझी वही पाहिली. "भोकाचा मोमेंट तू त्याच्याच केंद्रातून घेतला. सेंट्रॉइडपर्यंतच्या अंतराचा वर्ग गुणिले भोकाचं क्षेत्रफळ, तेही वजा करा लागते. काहून सोडलं?"

दोन्ही पट्ट्यांना मी ते अंतर धरलं होतं, भोकाला विसरलो होतो. खोडून पुन्हा केलं, तर तिचंच उत्तर आलं. तरी तिचे आभार मानायला माझी जीभ रेटली नाही.